ओंडक्यातली तुळई आणि असमान भार

गोल ओंडक्यातून चौकोनी छेदाची तुळई कापायची असेल, तर रुंदी आणि उंची किती ठेवावी म्हणजे ती जास्तीत जास्त ओझे पेलेल? तुळईवर ओझे आले की ती वाकते. वरचे तंतू दाबले जातात, खालचे ताणले जातात. रुंदी दुप्पट केली तर ओझे घेणारे तंतू दुप्पट होतात, म्हणून मजबुतीही दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर तंतू दुप्पट होतातच, शिवाय ते छेदाच्या मध्यापासून दुप्पट दूर गेल्याने त्यांची तरफही दुप्पट लांब होते. म्हणून मजबुती चौपट होते. एकच फळी आडवी ठेवली तर सहज वाकते आणि उभी धरली तर वाकत नाही, त्याचे कारण हेच. गॅलिलिओने १६३८ मधल्या आपल्या ग्रंथात मजबुतीचा हा उंचीच्या वर्गाशी असलेला संबंध मांडला होता.

रुंदी b आणि उंची h असेल, तर मजबुती bh² या गुणाकाराच्या प्रमाणात असते. मात्र दोन्ही मापे मनाला येतील तेवढी वाढवता येत नाहीत. छेदाचा कर्ण ओंडक्याच्या व्यासाएवढाच असू शकतो. व्यास ३० सेंमी असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार b² + h² = 900. म्हणजे बेरीज पक्की आहे आणि गुणाकार कुठवर जाऊ शकतो ते शोधायचे आहे. अंकगणिती आणि भूमितीय मध्यांची असमानता अशाच प्रश्नांसाठी आहे.

तिचे साधे रूप शाळेत भेटते. धन संख्यांची सरासरी त्यांच्या भूमितीय मध्यापेक्षा कधीच लहान नसते, आणि सगळ्या संख्या समान असतील तेव्हाच दोन्ही मध्य सारखे येतात. यावरून बेरीज ठरलेली असताना गुणाकार सर्वांत मोठा कधी होतो हे लगेच कळते: संख्या समान असतील तेव्हा.

आता b² ला u आणि h² ला v म्हणू. मग u + v = 900, आणि मजबुतीचा वर्ग होतो uv². चूक होते ती इथेच. u, v, v या तीन संख्या घेऊन साधी असमानता लावली, तर uv² ≤ ((u + 2v)/3)³ असे मिळते. विधान खरे आहे, पण निरुपयोगी आहे, कारण उजवीकडची u + 2v ही बेरीज स्थिर नाही; ती v बरोबर वाढत जाते. तरीही 'समान असताना सर्वांत मोठा' या सवयीने u = v = 450 घेतले, तर चौरस तुळई हाती येते. तिची प्रत्येक बाजू सुमारे २१.२ सेंमी आणि bh² ची किंमत सुमारे ९,५४६ असते. हे उत्तर चुकीचे आहे. अशी चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: उजव्या बाजूला एखादी चल राशी शिल्लक राहिली, तर ती मर्यादा नव्हे.

गुणाकारात v दोनदा येतो आणि बेरजेत एकदाच, हीच खरी अडचण आहे. म्हणून v चे दोन सारखे तुकडे करायचे. u, v/2, v/2 या तीन संख्यांची बेरीज नेमकी ९०० येते, म्हणजे सरासरी ३०० झाली. असमानता लावली की u · (v/2) · (v/2) ≤ 300³, म्हणजे uv² ≤ 108000000. वर्गमूळ घेतले की bh² सुमारे १०,३९२ च्या पुढे जाऊ शकत नाही. तिन्ही तुकडे समान असतील तेव्हा ही मर्यादा गाठली जाते, म्हणजे u = 300 आणि v = 600 असताना. रुंदी सुमारे १७.३ सेंमी आणि उंची सुमारे २४.५ सेंमी येते. चौरस तुळईपेक्षा ही जवळपास नऊ टक्के मजबूत आहे. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरसापेक्षा सुमारे सहा टक्के कमी आहे, म्हणजे लाकूड कमी लागूनही ती जास्त ओझे पेलते.

तुकडे पाडण्याच्या या युक्तीचे व्यापक रूप म्हणजे भारित असमानता. बेरीज १ होईल असे धन भार p आणि q घेतले, तर कोणत्याही धन संख्या x आणि y साठी

px + qy ≥ x^p · y^q

आणि x = y असेल तेव्हाच दोन्ही बाजू समान होतात. तुळईच्या उदाहरणात p = 1/3, q = 2/3, x = 3u आणि y = 3v/2 घेतले की डावी बाजू बरोबर u + v होते. भार कसे निवडायचे हेही यातून दिसते. गुणाकारातल्या घातांकांच्या प्रमाणातच भार घ्यायचे, आणि मग ठरलेली बेरीज त्याच प्रमाणात वाटली जाते. इथे घातांक १ आणि २ आहेत, म्हणून ९०० ची वाटणी ३०० आणि ६०० अशी झाली.

घातांक पूर्णांक असतील तोवर तुकड्यांनी काम भागते. √2 सारख्या घातांकाचे तुकडे मात्र पाडता येत नाहीत. तिथे जॉर्ज पोल्या या गणितज्ञाची सिद्धता उपयोगी पडते, आणि तिच्याइतकी नितळ सिद्धता विरळाच. कोणत्याही संख्येसाठी t ≤ e^(t−1) हे खरे असते आणि समानता फक्त t = 1 असताना येते. px + qy ला A म्हणायचे, t च्या जागी एकदा x/A आणि एकदा y/A ठेवायचे, दोन्ही विधानांना p आणि q हे घात द्यायचे आणि गुणाकार करायचा. उजवीकडे e चा घातांक p(x/A) + q(y/A) − 1 होतो, आणि तो शून्य आहे. म्हणून x^p · y^q ही राशी A पेक्षा मोठी होऊ शकत नाही. दोनपेक्षा जास्त संख्यांनाही हीच सिद्धता जशीच्या तशी लागू पडते.

असमानतेने दिलेली मर्यादा नेहमी खरी असते, पण ती गाठता येतेच असे नाही. भिंतीतल्या खाचेत फक्त १५ सेंमी रुंदीची तुळई बसत असेल, तर u = 300 शक्यच नाही आणि १०,३९२ हा आकडा कागदावरच राहतो. तेव्हा परवानगी असलेल्या मापांच्या टोकाला उत्तर शोधावे लागते. शिवाय संख्या धनच हव्यात. ऋण संख्या आल्या की विधान कोलमडते.

प्रश्न थोडा बदलला की भारही बदलतात. तुळई मोडू नये एवढेच नव्हे, तर ती कमीत कमी वाकावी असे हवे असेल, तर bh³ सर्वांत मोठे करावे लागते. वर्ग केल्यावर घातांक १ आणि ३ मिळतात, म्हणून ९०० ची वाटणी २२५ आणि ६७५ अशी होते. रुंदी नेमकी १५ सेंमी आणि उंची सुमारे २६ सेंमी येते. म्हणजे त्या खाचेत बसणारी तुळई ताठपणाच्या हिशेबाने सर्वोत्तमच आहे.

मजबूत तुळईची आखणी करायला सुताराला वर्गमूळ काढावे लागत नाही. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर व्यास आखून त्याचे तीन सारखे भाग करायचे. दोन्ही छेदबिंदूंपाशी गुण्या लावून विरुद्ध दिशांना लंब काढायचे आणि ते कडेपर्यंत न्यायचे. कडेवरचे ते दोन बिंदू आणि व्यासाची दोन टोके जोडली की हवा तो आयत तयार होतो, कारण त्याच्या लहान बाजूचा वर्ग व्यासाच्या वर्गाचा बरोबर एक तृतीयांश असतो.

मजबुतीसाठी उंची रुंदीच्या १.४१ पट लागते, ताठपणासाठी १.७३ पट. चीनमध्ये ली जिए याच्या ११०३ साली प्रसिद्ध झालेल्या 'यिंगझाओ फाशी' या बांधकामाच्या ग्रंथात लाकडाच्या छेदासाठी ३:२ हे प्रमाण दिले आहे. ३० सेंमी व्यासाच्या ओंडक्यातून त्या प्रमाणाची तुळई कापली, तर तिची मजबुती वरच्या मर्यादेपेक्षा पाव टक्क्यानेही कमी भरत नाही.