शुगर-फ्री चॉकलेट आणि पोटातला वायू

शुगर-फ्री चॉकलेटमध्ये साखर नसते, पण कॅलरी असतात. साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल हे शुगर अल्कोहोल घातलेले असते. नावात अल्कोहोल असले तरी त्याने नशा येत नाही. साखरेच्या एका ग्रॅममधून 4 कॅलरी मिळतात, तर माल्टिटॉलमधून युरोपीय नियमांच्या हिशेबाने 2.4. समजा, 100 ग्रॅमच्या वडीत 40 ग्रॅम माल्टिटॉल आहे. साखरेच्या तुलनेत वाचल्या जेमतेम 64 कॅलरी. त्याच वडीत 35 ग्रॅम स्निग्धांश असेल, तर त्याच्या 315 कॅलरी जागच्या जागी राहतात. खवा-तुपाच्या शुगर-फ्री मिठाईचेही असेच.

माल्टिटॉलच्या कॅलरी कमी, कारण ते लहान आतड्यात हळू आणि अर्धवटच शोषले जाते. जो भाग शोषला जातो, त्याने रक्तातली साखर थोडी वाढतेच; मधुमेही व्यक्तीने हे विसरू नये. उरलेला भाग आतड्यात पाणी ओढून घेतो आणि मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून वायू होतो आणि मेदाम्लेही तयार होतात. ही मेदाम्ले शरीर वापरते, म्हणून न पचलेल्या भागातूनही थोड्या कॅलरी मिळतात.

एखाददुसऱ्या तुकड्याने सहसा काही जाणवत नाही. अख्खी वडी एका बैठकीत संपवली, तर काही तासांत पोट फुगते, गुडगुडते, कधी जुलाबही होतात. एरिथ्रिटॉल मात्र वेगळे. ते बहुतांश लहान आतड्यातच शोषले जाऊन लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे त्याच्या कॅलरी नगण्य असतात आणि पोटालाही त्रास कमी होतो.