पायाची जड सूज आणि तुंबलेली लसिका

पाय सुजला की ‘पाणी भरले’ असे समजून लघवीच्या गोळ्या घेणारे पुष्कळ आहेत. परंतु प्रत्येक सूज सारखी नसते. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारात बहुधा दोन्ही पाय सुजतात व बोट दाबताच खळगा पडतो. लसिकेच्या सुजेत बहुधा एकच पाय जड होतो आणि अंगठा अर्धा मिनिट दाबून धरावा तेव्हा कोठे खळगा पडतो. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता आली नाही, तर शंका बळावते.

असे का होते? रक्तवाहिन्यांतून थोडे पाणी व प्रथिने सतत बाहेर झिरपतात. ती गोळा करून परत रक्तात नेण्याचे काम लसिकावाहिन्या करतात. ही वाट बंद पडली की प्रथिने तेथेच साचतात आणि पाणी धरून ठेवतात. पुढे मेद व तंतू वाढून पाय टणक होतो. म्हणूनच लघवीच्या गोळ्यांनी ही सूज हटत नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढल्यावर हात सुजतो, तोही याच कारणाने.

आपल्या जिल्ह्यात मुख्य कारण हत्तीरोग. घाण पाण्यातील क्यूलेक्स डासामुळे शिरलेले जंतू लसिकावाहिन्यांत राहून त्या निकामी करतात. डीईसीच्या गोळ्यांनी रक्तातील जंतू मरतात. जुनी सूज मात्र जात नाही.

रोवणी करणाऱ्या एका पंचेचाळिशीच्या बाईंचेच पाहा. पावसाळ्यात त्यांना दोन-तीनदा हुडहुडी भरून ताप येई, जांघेत अवधाण येई, पाय लाल होई. प्रत्येक वेळी सूज थोडी अधिकच राही. मूळ सापडले बोटांच्या बेचक्यांत. तेथील चिखल्यांतून जंतू आत शिरत होते आणि तुंबलेल्या लसिकेत फोफावत होते. प्रत्येक तापात उरल्यासुरल्या वाहिन्याही खराब होत होत्या.

उपाय साधा, पण रोजचा होता. सायंकाळी साबण व साध्या पाण्याने पाय धुणे, बेचक्या फडक्याने कोरड्या टिपणे, चिखल्यांना बुरशीचे मलम लावणे, झोपताना पाय उशीवर उंच ठेवणे आणि घोटा वरखाली हलवणे. पुढच्या पावसाळ्यात ताप एकदाच आला. सूज पूर्ण गेली नाही. परंतु वाढायची थांबली.

ताप येऊन पाय लाल झाल्यास शेकू नये, चोळू नये. थंड पाण्याची पट्टी ठेवावी, विश्रांती घ्यावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. प्रतिजैविक औषध लागते. डीईसी त्या दिवसांत सुरू करू नये. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा घरी थांबू नये.