मीटरवरचे लाईट : कोणत्यावर गाडी लगेच थांबवायची?



मुकुटबनहून वणीकडे जाताना आपल्या एका सभासदाने काल रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि मीटरचा फोटो पाठवला. "चार लाईट लागलेत, पण गाडी चालते. निघू का?" असं त्यांनी विचारलं.

आधी फोटोतला आरपीएमचा काटा पाहिला. नुसती चावी फिरवली की बरेच लाईट लागतात, ते तपासणीसाठी असतात आणि इंजिन सुरू झालं की काही सेकंदात विझतात. पण काटा ८०० च्या आसपास होता, म्हणजे इंजिन चालू होतं. म्हणून हे लाईट खरे.

*१. लाल बॅटरी :* याचा अर्थ बॅटरी खराब असाच नाही. अल्टरनेटर चार्जिंग देत नाही, असा तो इशारा आहे.

*२. लाल थर्मामीटर :* इंजिन जास्त तापलं.

हे दोन्ही सोबत लागले की पहिला संशय फॅन बेल्टवर घ्यायचा. बऱ्याच गाड्यांत एकच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. त्यांना लगेच इंजिन बंद करायला सांगितलं. बोनेट उघडलं तर बेल्ट तुटलेला! तशीच पुढे नेली असती तर हेड गॅस्केट जळालं असतं, हेडही वाकलं असतं. मेकॅनिकने जागेवरच नवा बेल्ट टाकला.

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. किमान अर्धा तास थांबा.

*३. लाल गोल, मध्ये उद्गारचिन्ह :* हँडब्रेक ओढलेला आहे किंवा ब्रेक ऑईल कमी आहे. त्यांनी हँडब्रेक सोडला, लाईट विझला. विझला नसता तर ब्रेक ऑईल मिन आणि मॅक्स रेषांच्या मध्ये आहे का, ते पाहावं लागलं असतं. कमी असेल तर गळती असू शकते, मग गाडी चालवायची नाही.

*४. पिवळं इंजिन :* बेल्ट बदलल्यावरही हा लाईट राहिला. स्थिर असेल आणि गाडीची ओढ नेहमीसारखी असेल तर दोन-चार दिवसांत गॅरेजला स्कॅन करून घ्या. लाईट लुकलुकत असेल किंवा ओढ कमी झाली असेल तर गाडीवर जोर देऊ नका, हळू चालवत जवळचं गॅरेज गाठा.

फोटोत नव्हता, पण सगळ्यात धोक्याचा म्हणजे *लाल तेलाची किटली.* ऑईलचा दाब गेला की काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. बाजूला घ्या, लगेच बंद करा. दहा मिनिटांनी सपाट जागेवर ऑईलची पट्टी काढून पाहा. ऑईल बरोबर असूनही लाईट लागत असेल तर गाडी ओढूनच न्या.

थोडक्यात, लाल दिसला की थांबायचं, पिवळा दिसला की गॅरेज गाठायचं. हिरवा-निळा फक्त माहितीसाठी.

फोटो पाठवताना इंजिन चालू होतं की बंद, तेवढं नक्की लिहा.