नफ्याकडे काणाडोळा करणारा मॅनेजर मालकाला का हवासा वाटतो?

मॅनेजरला खपाचं वेड आणि त्यापायी मालकाच्या नफ्याला कात्री, ही तक्रार जुनीच आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९५९ मध्ये तिला सिद्धान्ताचं रूप दिलं. मोठ्या कंपन्यांचे व्यवस्थापक किमान नफा राखतात आणि मग सगळा जोर उलाढाल वाढवण्यावर देतात, असं त्यांचं म्हणणं होतं. वाचणाऱ्यांनी त्यातून साहजिकच काढलेला अर्थ असा की, मालकाचं लक्ष नसलं की नोकर आपलं बघतो.

पण मालकानेच मुद्दाम असा मॅनेजर नेमला असेल तर? १९८५ मध्ये जॉन व्हिकर्स यांनी आणि १९८७ मध्ये चैम फर्शटमन व केनेथ जड या जोडीने, तसंच स्टीव्हन स्क्लिव्हास यांनी स्वतंत्रपणे, हा प्रश्न गणिताने सोडवला. उत्तर विचित्र वाटतं: नफा हवा असेल, तर नफ्याच्या मागे न धावणारा माणूस खुर्चीत बसवणं कधी कधी फायद्याचं ठरतं.

याची मांडणी समजायला ऑगस्तँ कुर्नो या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ मध्ये घेतलेलं उदाहरण सोयीचं आहे. खनिज पाण्याचे दोन झरे, दोन मालक. किती पाणी बाजारात आणायचं हे दोघं आधी ठरवतात आणि भाव मग बाजार ठरवतो. कुर्नोच्या झऱ्यांना उत्पादनखर्चच नव्हता. आपल्याला मात्र खर्च हवा, कारण खर्च शून्य असेल तर उलाढाल म्हणजेच नफा, मग दोन्हींत फरक कुठला करणार? म्हणून बाटल्या भरायला पेटीमागे ४० फ्रँक खर्च येतो असं धरू. बाजारात येणाऱ्या एकूण पेट्या १०० मधून वजा केल्या की जी संख्या उरते, तो एका पेटीचा भाव. एक पेटी वाढली की भाव एका फ्रँकने खाली.

दोन्ही मालक स्वतः नफा बघून उत्पादन ठरवतात तेव्हा प्रत्येकी २० पेट्या येतात. भाव ६०, पेटीमागे सुटतात २० आणि प्रत्येकाचा नफा ४०० फ्रँक. दुसरा २० पेट्या आणणार हे धरून चाललं, तर कोणालाही यात बदल करून फायदा नाही.

आता पहिल्या मालकाच्या मनात येतं, ‘मी ३० पेट्या आणणार’ अशी दवंडी पिटावी. समोरच्याने विश्वास ठेवला तर तो घाबरून १५ वर येईल, कारण ३० समोर असताना त्याचा जास्तीत जास्त नफा १५ पेट्यांवरच आहे. भाव ५५ होईल आणि पहिल्याला मिळतील ४५०. गंमत या भावात आहे. दहा पेट्या वाढवूनही भाव दहाने पडला नाही, पाचानेच पडला. उरलेल्या पाचाचा भार समोरच्याने आपलं उत्पादन घटवून उचलला.

अडचण एवढीच की दवंडी पोकळ आहे. समोरचा ढिम्म राहून २० वरच थांबला, तर ३० पेट्या आणणाऱ्याचा भाव ५० वर येतो आणि नफा ३०० वर. पेट्या भरायची वेळ आली की हा आपोआप मागे सरकेल, हे समोरच्याला ठाऊक असतं.

इथे मॅनेजर येतो. मालक त्याच्या बोनसचं सूत्र असं ठरवतो: ६२.५ टक्के भार नफ्यावर, ३७.५ टक्के उलाढालीवर. हिशेब केला तर याचा अर्थ इतकाच निघतो की, पेटीमागचा खरा खर्च ४० असला तरी मॅनेजरच्या खात्यात फक्त २५ धरला जातो. खर्च २५ वाटणारा माणूस, समोर १५ पेट्या असताना, स्वतःच्या बोनससाठी बरोबर ३० पेट्या भरतो. त्याला धमकी द्यावी लागत नाही, त्याचा स्वार्थच त्याला तिथे नेतो. मालकाला मात्र खऱ्या खर्चाने मोजलेले ४५० मिळतात. सिंहगडावर दोर कापल्याची गोष्ट आपण सांगतो, तिथे कापलेला दोर स्वतःच्याच मावळ्यांना दाखवायचा होता. इथे तो प्रतिस्पर्ध्याला दिसावा लागतो.

मात्रा मात्र बेताची हवी. याच बाजारात मॅनेजरला निव्वळ उलाढालीवर बोनस दिला, तर तो जवळपास ४७ पेट्या ओततो आणि मालकाचा नफा ३११ वर येतो, म्हणजे मॅनेजर न नेमण्याहून वाईट. पेटीमागचा खर्च ४० ऐवजी २० असता, तर मात्र निव्वळ उलाढालीच्या मागे धावणारा मॅनेजरच नेमका योग्य ठरला असता. खर्च जितका कमी, तितका विक्रीवरचा भार वाढवता येतो.

हे सगळं एकट्याने केलं तर. समोरचा मालकही अडाणी नाही. तोही मॅनेजर शोधतो. दोघांनी आपापली सूत्रं शहाणपणाने ठरवली, तर दोन्ही मॅनेजरांच्या खात्यात खर्च २८ धरला जातो, प्रत्येकी २४ पेट्या येतात, भाव ५२ वर उतरतो आणि प्रत्येक मालकाला २८८ मिळतात. हे ४०० पेक्षा कमीच. मग बाहेर पडावं? दुसऱ्याचा तसा मॅनेजर जागेवर असताना आपण एकटे साध्या नफ्यावर परतलो, तर हाती २५६ येतात. म्हणून कोणीच माघार घेत नाही. चांदी होते ती पाणी पिणाऱ्यांची, आठ फ्रँक स्वस्त. आपसांत ठरवून दोघांनी मॅनेजर काढून टाकायचे म्हटलं, तर ती संगनमताचीच एक तऱ्हा झाली.

सिद्धान्ताची नाजूक जागा कराराची आहे. करार समोरच्याला दिसला पाहिजे आणि नंतर बदलता येता कामा नये. बोनसचं पत्रक जाहीर करून मालकाने रात्री मॅनेजरच्या कानात ‘वीसच भर, वरचं मी बघतो’ असं सांगण्याची सोय असेल, तर समोरचा पत्रकाला किंमत देणार नाही आणि गाडी पुन्हा २०-२० वर येईल. गुप्त करारांचा हा आक्षेप मायकल कॅट्झ यांनी १९९१ मध्ये नेटका मांडला. माझ्या मते या कल्पनेवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच. कंपन्या वरिष्ठांच्या मानधनाची माहिती वार्षिक अहवालात देतात खऱ्या, पण खालच्या विक्रीप्रमुखाचं टार्गेट कोणी छापत नाही.

दुसरी मर्यादा स्पर्धेच्या प्रकाराची. कंपन्या उत्पादन नव्हे तर भाव आधी ठरवत असतील आणि माल एकमेकांशी मिळताजुळता पण अगदी एकसारखा नसेल, तर सगळं उलटतं. तिथे एकाने भाव उतरवला की दुसराही उतरवतो, त्यामुळे आक्रमक मॅनेजर मालकालाच महागात पडतो. फर्शटमन आणि जड यांच्याच गणितात अशा बाजारात मॅनेजरला विक्रीबद्दल बक्षीस नव्हे, दंड करावा लागतो, म्हणजे त्याच्या खात्यात खर्च खऱ्यापेक्षा जास्त धरायचा.

विक्रीवर बोनस दिसला म्हणजे ही चाल सिद्ध झाली, असं त्यामुळे म्हणता येत नाही. उलाढाल मोजायला सोपी आणि नफ्याचे आकडे फिरवता येतात, एवढ्या साध्या कारणानेही मालक विक्री धरून बसतात. फरक ओळखायचा तर दोन प्रकारचे धंदे शेजारी ठेवावे लागतील. एकात क्षमता आणि उत्पादन आधी ठरतं, दुसऱ्यात भावावरून रोज झुंज चालते. पहिल्यात विक्रीवरचा भार ठळकपणे जास्त निघाला, तर दोर मुद्दाम कापल्याचा संशय घ्यायला जागा आहे. दोन्हींकडे सारखाच निघाला, तर मोजण्याची सोय हेच कारण अधिक संभवतं.