टुल्लू पंपाचं काय करायचं? मूल्यशिक्षणाचा असाही तास

महाराष्ट्रातल्या शाळांत परिपाठाला मुलं सुविचार म्हणतात, बोधकथा ऐकतात. वक्तशीरपणा, सौजन्यशीलता, श्रमप्रतिष्ठा अशी दहा मूल्यं ठरलेली आहेत आणि ती मुलांना पाठही असतात. पण दोन मूल्यांचीच आपसात टक्कर झाली तर काय करायचं, हे परिपाठात येत नाही.

जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गेओर्ग लिंड यांनी यासाठी चर्चेची एक पद्धत बसवली. साधारण दीड तास लागतो, म्हणजे आपल्याकडे दोन-तीन तासिका जोडाव्या लागतील. वसई-विरारमध्ये ती कशी चालेल ते बघू.

समजा, नालासोपाऱ्यातल्या एका चाळीत पाणी तासभरच येतं. सलीमच्या लक्षात येतं की जिवलग मित्राच्या घरी नळाला थेट टुल्लू पंप लावलाय, म्हणून शेवटच्या खोल्यांचे हंडे कोरडे राहतात. मित्राची दादी अंथरुणाला खिळलेली, तिला पाणी जास्त लागतं. सलीम चाळ कमिटीला सांगतो. बरोबर केलं की चूक?

गोष्ट ऐकवल्यावर शिक्षक आधी विचारतात, सलीमला नेमकं कशाचं ओझं वाटलं असेल? मग हात वर करून मतदान. दोन्ही बाजूंची मुलं तीन-चारच्या गटात बसून आपले मुद्दे जमवतात आणि मग समोरासमोर येतात. जो बोलला तोच विरुद्ध बाजूच्या कुणाला तरी बोलायला सांगतो. नियम एकच कडक आहे: मुद्द्यावर काहीही बोला, माणसावर नाही.

पुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. समोरच्यांचा कोणता मुद्दा सर्वांत चांगला होता, हे प्रत्येकाने सांगायचं. ‘सांगायला नको होतं’ म्हणणारी मुलगी मग म्हणते, “शेवटच्या खोलीत पण कुणाची तरी दादी असेल.” शेवटी पुन्हा मतदान होतं. आकडे बदलले नाहीत तरी बिघडत नाही. नळावर थेट मोटर लावायला मनाई का असते, आजारी माणसासाठी कमिटीने वेगळी सोय करावी का, हे प्रश्न इथे मुलांकडूनच निघतात. नागरिकशास्त्राचा धडा यापेक्षा वेगळा काय असतो?

तास फसतो तो बहुतेक वेळा शिक्षकांमुळे. शेवटी त्यांनी “खरं उत्तर” सांगितलं की पुढच्या वेळी मुलं त्यांचा चेहरा बघून हात वर करतात. पहिल्याच मतदानात सगळा वर्ग एका बाजूला गेला तर समजावं, गोष्टीत पेचच नव्हता. आणि वर्गातल्याच एखाद्याच्या घरची खरी गोष्ट कधी घेऊ नये, त्या मुलाला तोंड लपवायला जागा राहत नाही. गोष्ट रचलेलीच हवी, फक्त ओळखीची वाटणारी.

रोज असा तास नको, दोन-तीन आठवड्यांतून एखादा पुरे. सहा-सात वर्षांच्या मुलांना दीड तास बसवणंही अवघडच.