गोल पाया, चौकोनी काप

पुठ्ठ्यावर ३ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्यात एकमेकींना समांतर जीवा आखा आणि प्रत्येक जीवेवर तिच्याच लांबीचा चौरस उभा करा. मधला चौरस ६ सेंटीमीटरचा, कडेकडेला नखाएवढा, अगदी टोकाला काहीच नाही. अशा दाटीने उभ्या चौरसांची जी भरीव वस्तू होते, ती खालून गोल, समोरून चौरस आणि बाजूने उंच कमानीसारखी दिसते. हिचं घनफळ किती?

पावासारखे तिचे १ सेंटीमीटर जाडीचे सहा काप करू. केंद्राच्या एका बाजूला तीन येतील. त्यांचे मध्य केंद्रापासून अर्धा, दीड आणि अडीच सेंटीमीटरवर. केंद्रापासूनच्या अंतराला x म्हटलं, तर पायथागोरसप्रमाणे अर्ध्या जीवेचा वर्ग 9 − x². चौरसाची बाजू पूर्ण जीवा, म्हणून क्षेत्रफळ त्याच्या चौपट. हिशेब केला की ३५, २७ आणि ११ येतात. बेरीज ७३, दोन्ही बाजू मिळून १४६ घनसेंटीमीटर. काप अर्ध्या सेंटीमीटरचे केले तर १४४.५. पाव सेंटीमीटरचे केले तर १४४.१२५. आकडा कुठे चाललाय ते दिसतंच. काप पातळ करत राहण्याची ही क्रिया शेवटाला नेणं म्हणजेच संकलन:

V = ∫ 4(9 − x²) dx, x = −3 ते 3, म्हणून V = 144

पाया गोल, तरी उत्तरात π नाही! मला तरी हीच या गणिताची खरी गंमत वाटते. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना जीवांच्या लांब्या जोडाव्या लागतात. त्यांच्यात वर्गमूळ असतं आणि π तिथून येतो. इथे जीवांचे वर्ग जोडायचे, त्यामुळे वर्गमूळच उरत नाही. आर्किमिडीजला हे वेगळ्या रूपात माहीत होतं. सारख्या जाडीचे दोन दंडगोल काटकोनात एकमेकांत घुसले, तर त्यांचा सामाईक भाग त्याला वेढणाऱ्या घनाच्या दोन तृतीयांश भरतो. आपल्या मापाचा घन २१६ चा, त्याचे दोन तृतीयांश १४४. त्या भागाचे कापही याच मापाचे चौरस असतात, म्हणून आकडा तोच.

आता चौरसांऐवजी अर्धवर्तुळं उभी करा. इथे विद्यार्थी हमखास घसरतात: जीवा हा व्यास आहे हे विसरून तिलाच त्रिज्या धरतात आणि घनफळ २२६ च्या आसपास काढतात. आकडेमोड तपासायचीही गरज नाही. जीवेवरचं अर्धवर्तुळ त्याच जीवेवरच्या चौरसात सहज मावतं, मग त्याची वस्तू १४४ पेक्षा मोठी होईल कशी? त्रिज्या अर्धी जीवा धरली की 18π, म्हणजे सुमारे ५६.५ मिळतात. वस्तू डोळ्यांसमोर आणली तर ओळखीचीच निघते: ३ सेंटीमीटर त्रिज्येचा, पालथा ठेवलेला अर्धगोल.