बटण धरून तीस सेकंद

भाचीचा प्रोजेक्ट सकाळी दहाला द्यायचा होता आणि रात्री साडेअकराला तिचा लॅपटॉप अचानक बंद पडला. बटण दाबलं तरी काहीच होईना. रडवेल्या आवाजात तिचा फोन आला.

मी विचारलं, "चार्जर लावल्यावर दिवा लागतो का?" लागत होता. म्हणजे वीज आत पोहोचत होती. "पंख्याचा आवाज?" अजिबात नाही. पंखा फिरून स्क्रीन काळी असती, तर संशय स्क्रीनवर किंवा रॅमवर गेला असता. इथे मशीन जागंच होत नव्हतं.

लॅपटॉप बंद असला तरी त्यातली एक छोटी चिप बॅटरीवर जागीच असते. पॉवरचं बटण, चार्जिंग, पंखा तीच सांभाळते. ती अडकली की बटण दाबूनही उपयोग नसतो. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

"चार्जर, माउस, पेनड्राइव्ह, सगळं काढ. आता पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धर." ती मोठ्याने आकडे मोजत राहिली. मग चार्जर लावून बटण एकदाच दाबलं, आणि पंखा घरघरला.

"आधी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घे, मग लिहायला बस," मी म्हटलं. शेवटचा सेव्ह अकरा वाजून दहाचा होता. वीस मिनिटांचं लिखाण तेवढं गेलं.

मात्र लॅपटॉपवर पाणी सांडलं असेल, जळका वास येत असेल किंवा बॅटरी फुगली असेल, तर हा उपाय करू नये. तो थेट दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.